एक्झिस्टचा ढग दिसला, पण एक्स बंद झाला का? उंदराच्या ईएस पेशींत एक्स निष्क्रियीकरण कसं तपासायचं

सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात एक्झिस्ट आरएनएचा लाल ढग दिसला की नवखे विद्यार्थी वहीत ‘एक्स निष्क्रिय’ असं लिहून मोकळे होतात. ढगाचा अर्थ तेवढा नसतो. आरएनए तयार झाला आणि गुणसूत्रावर पसरला, इतकंच त्यावरून कळतं. त्या गुणसूत्रावरची जनुकं खरोखर गप्प झाली का, हे वेगळं तपासावं लागतं. आणि मुळात त्या पेशीत दोन एक्स होते का, हे त्याच्याही आधी. या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या कशा, ते इथे क्रमाने लिहितो आहे. हा लेख एमएससी किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला असला, तरी पार्श्वभूमीचा भाग कोणालाही वाचता येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी

सस्तन प्राण्यांत मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, नराला एक एक्स आणि एक छोटं वाय. एक्सवर हजारभर जनुकं आहेत. ती मादीत दुपटीने चालू राहिली तर गर्भ जगत नाही, म्हणून गर्भाच्या सुरुवातीच्या अवस्थेतच प्रत्येक पेशी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद करून टाकते. १९४९ मध्ये मरे बार आणि इवार्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. बोक्यांच्या पेशींत तो नव्हता. तो ठिपका म्हणजेच हा आवळून बसलेला एक्स. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या चट्टेरी कातडीवरून मांडलं की कोणता एक्स बंद करायचा हे प्रत्येक पेशी आपापलं ठरवते, आणि एकदा ठरलं की तिच्या सगळ्या वंशज पेशी तोच निर्णय पाळतात. काळ्या-नारिंगी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, याचं उत्तरही हेच.

हे बंद करण्याचं काम करणारा एक्झिस्ट आरएनए १९९१ मध्ये सापडला. डेटाबेसात शोधताना उंदरासाठी `Xist` आणि माणसासाठी `XIST` असं टाइप करा. उंदरात त्याची लांबी साधारण १७,००० बेस आहे. इतका लांब असूनही त्यापासून एकही प्रथिन बनत नाही. तो केंद्रकाबाहेर जातही नाही. ज्या एक्सवरून तयार होतो त्याच एक्सवर पसरतो, शेजारी दुसरा एक्स असला तरी त्याला शिवत नाही.

पसरल्यावर काय होतं त्याचा क्रम लक्षात ठेवा, कारण कोणत्या दिवशी काय तपासायचं हे त्यावरूनच ठरतं. एक्झिस्टच्या सुरुवातीच्या टोकाला ‘ए रिपीट’ नावाचा, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा भाग आहे. त्याला स्पेन नावाचं प्रथिन चिकटतं. स्पेन हे, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एचडॅक३ला कामाला लावतं आणि जनुकांचं लेखन थांबू लागतं. ‘बी रिपीट’च्या भागातून एचएनआरएनपी-के या प्रथिनामार्फत पॉलिकोम्ब संकुलं येतात आणि हिस्टोनवर आपल्या खुणा ठेवतात. त्यांपैकी एच३के२७ ट्रायमिथाइल ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसते. डीएनएवरचं मिथाइलेशन बरंच उशिरा येतं आणि त्याने कुलूप पक्कं होतं.

पेशी कोणत्या घ्यायच्या

मादी उंदराच्या भ्रूण मूळपेशी, म्हणजे ईएस पेशी घ्या. त्यांत दोन्ही एक्स चालू असतात आणि पेशी विभेदित होऊ लागल्या की निष्क्रियीकरण तुमच्या डोळ्यांसमोर सुरू होतं. शक्य असेल तर संकरित वाण निवडा. सी५७ब्लॅक६ आणि कास्टेनियस या दोन वंशांच्या संकरातून आलेल्या पेशींत दोन्ही एक्सच्या क्रमात जागोजाग एकेका अक्षराचा फरक असतो, त्यामुळे कोणतं जनुक कोणत्या एक्सवरून लिहिलं जातंय हे सिक्वेन्सिंगने ओळखता येतं. मात्र या संकरात निवड पन्नास-पन्नास होत नाही. एक्ससीई नावाच्या नियंत्रक भागामुळे कास्टेनियस एक्स चालू राहण्याकडे कल असतो. ६०-४० किंवा ७०-३० असं प्रमाण दिसलं तर प्रयोग बिघडला असं समजू नका.

सोबत दोन तुलनापेशी हव्यातच. नर ईएस पेशींत एकही ढग दिसायला नको. मादी गर्भाच्या फायब्रोब्लास्टमध्ये बहुतेक प्रत्येक केंद्रकात एक ठसठशीत ढग दिसायला हवा. फायब्रोब्लास्टमध्येही ढग दिसत नसतील तर चूक प्रोबमध्ये किंवा धुण्यात आहे. ईएस पेशींना दोष देत बसू नका.

पहिला टप्पा: दोन एक्स आहेत का

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि निकाल सर्वांत जास्त बिघडतात तेही यामुळेच. मादी ईएस पेशी वाढवताना एक एक्स हरवण्याकडे त्यांचा ओढा असतो. दोन्ही एक्स चालू असले की संपूर्ण जीनोमवरचं मिथाइलेशन घटतं, आणि त्याच दुहेरी मात्रेमुळे पेशी विभेदनाकडे वळायलाही उशीर लावतात. एक एक्स गमावलेली पेशी, म्हणजे एक्सओ पेशी, या अडथळ्यातून सुटते आणि बाकीच्यांच्या पुढे निघून जाते. काही पॅसेजनंतर ताटलीत कोणाचं राज्य असेल हे सांगायला नको.

म्हणून प्रयोगाच्या शून्य दिवशी डीएनए फिश करून किमान २०० केंद्रकांत एक्स मोजा. त्यासाठी एक्सवरच्या कोणत्याही भागाचा प्रोब चालतो. या प्रयोगात पेशीचा डीएनए तापवून उलगडावा लागतो, हे विसरू नका. माझा स्वतःचा नियम असा की दोन एक्स असलेल्या पेशी ८० टक्क्यांच्या खाली गेल्या की ती ताटली टाकून द्यायची आणि आधीच्या पॅसेजची गोठवलेली कुपी काढायची. संकरित वाणात एका पीसीआरने दोन्ही वंशांची अक्षरं आहेत का एवढं झटपट पाहता येतं, पण त्यातून सरासरी कळते, पेशीनिहाय हिशेब कळत नाही.

दुसरा टप्पा: विभेदन सुरू करणं

पेशी एलआयएफ आणि दोन इन्हिबिटर असलेल्या माध्यमात वाढवा. ‘टूआय’ म्हणतात ते हेच: पीडी०३२५९०१ १ मायक्रोमोलर आणि चिर९९०२१ ३ मायक्रोमोलर. प्रयोगासाठी फायब्रोनेक्टिन लावलेल्या कव्हरस्लिपवर दर चौरस सेंटीमीटरला अंदाजे ४०,००० पेशी पेरा आणि एलआयएफ व इन्हिबिटर काढून १० टक्के सीरम असलेलं साधं माध्यम द्या. ०, २४, ४८, ७२ आणि ९६ तासांच्या कव्हरस्लिप वेगळ्या ठेवा. प्रत्येक वेळेसाठी तीन तरी हव्यात: एक आरएनए फिशसाठी, एक डीएनए फिशसाठी, एक आरएनेजच्या पडताळणीसाठी.

पेशी फार दाट पेरल्या तर त्यांचे ढीग होतात आणि मधल्या पेशी विभेदित होत नाहीत. मग एकाच कव्हरस्लिपच्या कडेला भरपूर ढग आणि मध्यभागी शून्य, असं चित्र मिळतं. मोजणी कुठे केली यावर आकडा बदलत असेल तर आधी घनता तपासा.

तिसरा टप्पा: पेशी स्थिर करणं

कव्हरस्लिप पीबीएसने धुवा. ३ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये खोलीच्या तापमानाला १० मिनिटं ठेवा. पुन्हा धुऊन बर्फावर ५ मिनिटं, ०.५ टक्के ट्रायटन आणि २ मिलिमोलर व्हॅनाडिल रायबोन्यूक्लिओसाइड असलेल्या सीएसके बफरमध्ये ठेवा. त्यानंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर त्या बरेच दिवस टिकतात.

व्हॅनाडिलचं काम आरएनए कापणाऱ्या विकरांना अडवण्याचं. त्यात ईडीटीए पडलं की हे संकुल मोडतं, म्हणून या बफरमध्ये सवयीने ईडीटीए घालू नका. पॅराफॉर्मल्डिहाइड ताजं नसेल तर ढग विस्कटलेले, फिकट दिसतात, आणि लोक त्याचा जैविक अर्थ लावत बसतात.

चौथा टप्पा: दोन रंगांचे प्रोब

लाल रंगासाठी एक्झिस्टचा प्रोब. एक्झिस्टचा जवळजवळ सगळा भाग असलेला प्लाझमिड निक ट्रान्सलेशनने रंगवला की चांगला चालतो. तुकडे १०० ते ५०० बेसच्या आसपास आले का, हे जेलवर पाहा. तुकडे मोठे राहिले तर केंद्रकात ठिकठिकाणी चमकदार घाण दिसते. हा दुपदरी प्रोब एक्झिस्टबरोबर त्याच्या उलट दिशेने लिहिला जाणारा त्सिक्स आरएनएही पकडतो. विभेदनाआधी दोन्ही एक्सवर त्सिक्स चालू असतो आणि तोच एक्झिस्टला दाबून ठेवतो. त्यामुळे शून्य दिवशी प्रत्येक केंद्रकात दोन बारीक लाल ठिपके दिसले तर घाबरू नका. ते बरोबरच आहे, किंबहुना दोन्ही एक्स असल्याची ती एक खूणच. ठिपके आणि ढग वेगळे ओळखायचं शिकायला याच दिवसाच्या कव्हरस्लिप वापरा. फक्त एक्झिस्टच हवा असेल तर एकाच पदराला जुळणारे छोटे ऑलिगो प्रोब मागवा.

हिरव्या रंगासाठी एक्सवरच्या, निष्क्रियीकरणात गप्प होणाऱ्या जनुकाचा प्रोब. `Huwe1` हे जनुक मला सोयीचं वाटतं, कारण ते मोठं आहे, सतत लिहिलं जातं आणि त्याचा बॅक क्लोन वापरला की ठिपका स्पष्ट येतो. बॅकमध्ये पुनरावृत्त क्रम असतात, ते झाकण्यासाठी प्रोबमध्ये कॉट-१ डीएनए मिसळा.

`Kdm5c` मात्र या कामाला घेऊ नका. ते निष्क्रिय एक्सवरूनही निसटून चालू राहतं, म्हणजे एक्स व्यवस्थित बंद झालेल्या पेशीतही त्याचे दोन ठिपके दिसतील. अशा निसटणाऱ्या जनुकांचं प्रमाण माणसात साधारण १५ टक्के मानलं जातं. उंदरात ते बरंच कमी आहे. प्रोब निवडण्याआधी जनुक निसटणाऱ्यांपैकी नाही ना, एवढं बघून घ्या.

पाचवा टप्पा: हायब्रिडायझेशन

प्रोब ७५ अंशांवर ७ मिनिटं तापवून घ्या. कॉट-१ घातलेला असेल तर त्यानंतर ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. पेशी मात्र तापवायच्या नाहीत. पेशीचा डीएनए दुपदरीच राहिला पाहिजे, म्हणजे प्रोबला चिकटायला फक्त आरएनए मोकळा असतो. डीएनए फिश आणि आरएनए फिश यांतला मुख्य फरक हाच. कव्हरस्लिप इथेनॉलच्या चढत्या तीव्रतांतून कोरड्या करा, ५० टक्के फॉर्मामाइड असलेल्या मिश्रणात प्रोब घालून ३७ अंशांवर रात्रभर, दमट आणि अंधाऱ्या डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी ५० टक्के फॉर्मामाइड आणि दुप्पट तीव्रतेच्या एसएससीने ४२ अंशांवर तीनदा धुवा, मग नुसत्या एसएससीने तीनदा. शेवटी डॅपी. फॉर्मामाइड विषारी आहे, ते फ्यूम हूडमध्येच हाताळा.

पडताळणीची कव्हरस्लिप हायब्रिडायझेशनआधी आरएनेज ए घालून ठेवा. तिच्यावर लाल-हिरवं दोन्ही नाहीसं व्हायला हवं. काही उरलं तर तुम्ही आरएनए पाहत नव्हता.

सहावा टप्पा: पाहणं आणि वर्गवारी

ईएस पेशींच्या वसाहती जाड असतात. एकाच पातळीवरचा फोटो घेतला तर अर्धे ठिपके निसटतात. ०.२ ते ०.३ मायक्रॉनच्या अंतराने थर घ्या आणि मगच मोजा. पेशी विभाजनाच्या तयारीत असेल तर एकच हिरवा ठिपका जोडीने दिसतो. अगदी लगत असलेली जोडी एकच धरायची.

ढग असलेल्या केंद्रकांत तीन चित्रं दिसतील. एकात हिरवा ठिपका फक्त ढगाबाहेर असतो, म्हणजे जनुक गप्प झालं. दुसऱ्यात एक बाहेर आणि एक ढगाच्या आत, म्हणजे आरएनए पसरला पण जनुक अजून चालू आहे. ४८ तासांच्या आसपास असं चित्र बऱ्यापैकी सापडतं, ते वगळू नका. तिसऱ्यात हिरवं काहीच दिसत नाही. ही पेशी ‘गप्प’ या रकान्यात टाकायची चूक सहज होते. चालू एक्सवरचा ठिपकासुद्धा दिसत नसेल तर ती पेशी निकालासाठी निरुपयोगी.

कधी एका केंद्रकात दोन ढग दिसतात. बाहेर दोन मोकळे हिरवे ठिपके असतील तर पेशी बहुधा चौगुणित आहे, तिच्यात चार एक्स आहेत आणि त्यांतले दोन बंद झाले आहेत. बाहेर एकही हिरवा ठिपका नसेल तर दोन्ही एक्सनी एक्झिस्ट चालू केला आहे. विभेदनाच्या सुरुवातीला असं थोड्या पेशींत होतं. त्या एक तर सावरतात, नाही तर मरतात.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. समजा शून्य दिवशी डीएनए फिशमध्ये २०० पैकी १६४ केंद्रकांत दोन एक्स दिसले, म्हणजे ८२ टक्के. चौथ्या दिवशी पुन्हा मोजलं तर १३२, म्हणजे ६६ टक्के. विभेदनादरम्यान एक्सओ पेशी पुढे सरकल्या, हे इथेच कळलं. त्याच दिवशी आरएनए फिशमध्ये २०० पैकी १०२ केंद्रकांत ढग.

वरवर पाहता ५१ टक्के. पण एक्सओ पेशीत ढग येणारच नाही. म्हणून ५१ला ६६ने भागायचं: दोन एक्स असलेल्या पेशींपैकी सुमारे ७७ टक्क्यांत ढग आला. शून्य दिवसाचे ८२ धरले असते तर उत्तर ६२ आलं असतं आणि विनाकारण ‘एक्झिस्ट नीट चालू होत नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. एक्सची मोजणी त्याच दिवशी करायची ती एवढ्यासाठी.

आता त्या १०२ केंद्रकांची वर्गवारी. ७८ मध्ये हिरवा ठिपका फक्त बाहेर, १५ मध्ये आत-बाहेर दोन्हीकडे, ९ मध्ये काहीच नाही. ते ९ वगळून ९३ पैकी ७८, म्हणजे ८४ टक्के पेशींत जनुक गप्प. प्रोब साधारण ९ टक्के वेळा चालू जनुकालाही चुकतो, हे त्या ९ केंद्रकांवरूनच कळतं. त्यामुळे ७८ पैकी एखाद-दोन खोटे असतील, निकाल हलत नाही. दोन्ही टप्पे गुणले तर दोन एक्स असलेल्या पेशींपैकी सुमारे ६५ टक्क्यांत निष्क्रियीकरण या जनुकापुरतं झालं. २०० पेशींच्या मोजणीत ५१ टक्क्यांमागे सुमारे ७ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना असू शकते, म्हणून दोन प्रयोगांतल्या ४-५ टक्क्यांच्या फरकावर कथा रचू नका.

आणि ‘या जनुकापुरतं’ हे शब्द अहवालातही ठेवा. एक्झिस्टच्या जागेजवळची जनुकं आधी बंद होतात, लांबची नंतर. पूर्ण एक्सचं चित्र हवं असेल तर संकरित पेशींचं आरएनए सिक्वेन्सिंग करा. तिथे वाचनं जुळवण्याआधी दोन वंशांतल्या फरकाची अक्षरं संदर्भ जीनोममध्ये झाकून टाका. नाही तर ब्लॅक६ची वाचनं जास्त जुळतात आणि कास्टेनियसचा एक्स उगाच मंद दिसतो.

ढग आणि गप्प होणं एकमेकांपासून सुटतात तेव्हा

एवढी वेगवेगळी मोजणी कशाला, असं वाटत असेल तर आंतोन वुट्झ यांच्या प्रयोगांकडे पाहा. त्यांनी औषधाने चालू-बंद करता येणारा एक्झिस्ट ईएस पेशींत बसवला. २००२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ए रिपीट काढून टाकला तरी आरएनए गुणसूत्रावर नीट पसरतो, ढग दिसतो, पण जनुकं चालूच राहतात. स्पेन काढून घेतल्यावरही जवळपास हेच होतं. या पेशी कोणी तुमच्यापुढे ठेवल्या आणि तुम्ही फक्त लाल रंग पाहिलात, तर तुम्ही त्यांना निष्क्रिय म्हणाल.

उलटही होतं. वुट्झ आणि रुडॉल्फ येनिश यांनी २००० मध्ये विभेदन सुरू करून वेगवेगळ्या वेळी एक्झिस्ट बंद केला. साधारण ४८ तासांपर्यंत तो बंद केला की जनुकं परत चालू होत. ७२ तासांनंतर मात्र एक्झिस्ट गेला तरी ती गप्पच राहिली. पूर्ण विभेदित पेशीत एक्झिस्टचं जनुक कापलं तरी बहुतेक एक्स बंदच राहतो.

ही वेळमर्यादा स्वतः तपासायची असेल तर टीएक्स१०७२ ही पेशीमालिका उपयोगी आहे. ती ब्लॅक६-कास्टेनियस संकरातली मादी ईएस पेशी आहे आणि तिच्या ब्लॅक६ एक्सवरचा एक्झिस्ट डॉक्सिसायक्लिनने चालू होतो. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम द्या, २४ तासांनी अर्ध्या कव्हरस्लिप स्थिर करा आणि बाकीच्या डॉक्सिसायक्लिन नसलेल्या माध्यमात हलवा. औषध काढल्यावर ढग विरले आणि आतला हिरवा ठिपका परत आला, तर गप्प होणं अजून एक्झिस्टच्याच भरवशावर होतं. ढग विरूनही ठिपका आला नाही, तर कुलूप पडलं आहे. औषध काढताना दोन-तीनदा माध्यम बदला. डॉक्सिसायक्लिन मागे उरलं तर ढग रेंगाळतो आणि घड्याळ चुकतं.

माणसाच्या पेशींवर हे जसंच्या तसं नेऊ नका

मानवी भ्रूणात गर्भाशयात रुजण्याआधी दोन्ही एक्सवरून एक्झिस्ट लिहिला जातो, आणि तरी दोन्ही एक्स चालू असतात. म्हणजे ढग असूनही गप्प नाही, हे तिथे नैसर्गिकच आहे. मानवी ईएस आणि आयपीएस पेशींत अडचण वेगळी. बहुतेक मादी मालिकांत एक एक्स आधीच बंद असतो, पण वाढवत राहिलं की एक्झिस्ट हळूहळू नाहीसा होतो, पाठोपाठ एच३के२७ ट्रायमिथाइलची खूण जाते आणि बंद एक्सवरची काही जनुकं परत उघडतात. याला एक्सची झीज म्हणतात. अशा पेशीत ढग नाही म्हणून तिला ‘दोन्ही एक्स चालू’ म्हणणं चूक, कारण उघडलेली जनुकं थोडीच असतात. एका जनुकाच्या प्रोबने इथे भागत नाही, एक्सच्या दोन-तीन दूरदूरच्या भागांतली जनुकं घ्यावी लागतात. एक्सशी संबंधित आजारावर, उदाहरणार्थ रेट सिंड्रोमवर, अशा पेशींत काम करणार असाल तर प्रत्येक नव्या कुपीबरोबर एक्झिस्टचं फिश करा. झिजलेला एक्स पेशी विभेदित केल्यावरही पूर्ववत होत नाही, तेव्हा ढग नसलेली कुपी मिळाली तर तिच्यावर पुढचे महिने न घालवता आधीच्या पॅसेजची कुपी काढा.